पर्युदराची वळणे, लघुकोश आणि उदरातील द्रवाचा प्रवास

उदरपोकळीच्या भिंतीला आतून अस्तरासारखे चिकटलेले आणि तेथून वळून पोटातील बहुतेक इंद्रियांवर पांघरले गेलेले पातळ, गुळगुळीत आणि ओलसर आवरण म्हणजे पर्युदर होय. डॉक्टर मंडळी त्यालाच पेरिटोनियम म्हणतात. भिंतीवरील भागाला भित्तिलग्न पर्युदर आणि इंद्रियांवरील भागाला अंतस्त्यलग्न पर्युदर अशी नावे आहेत. परंतु ही दोन वेगळी आवरणे नसून एकाच अखंड पडद्याचे दोन भाग आहेत. जेथे हा पडदा भिंतीवरून इंद्रियावर, किंवा एका इंद्रियावरून दुसऱ्यावर वळतो, त्या जागांना पर्युदराची परावर्तने अथवा वळणे म्हणतात. पोटात सांडलेले रक्त, पित्त, पू किंवा जठररस कोठे जाईल, कोठे साचेल आणि कोठे अडेल हे बव्हंशी या वळणांवरून ठरते. प्रस्तुत लेखात त्या मार्गांचे आणि त्यांतील सर्वांत आडबाजूच्या कप्प्याचे, म्हणजे लघुकोशाचे, वर्णन केले आहे.

पडदा आणि त्याच्या घड्या

किंचित फुगवलेल्या फुग्यात बाहेरून मूठ दाबली, तर मुठीवर फुग्याचे दुहेरी आवरण बसते. मूठ मात्र फुग्याच्या आत गेलेली नसते. आतडी, यकृत, जठर ही इंद्रिये पर्युदराच्या पिशवीत अशीच बाहेरून दाबून बसलेली आहेत. मनगटाभोवती फुग्याचे दोन पदर जेथे जवळ येतात, तेथे इंद्रियाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना वाट मिळते. लहान आतड्याच्या बाबतीत या दुपदरी घडीला आंत्रबंध म्हणतात. जठराशी जोडलेल्या घड्यांना वपा हे नाव आहे. हा शब्द फार जुना आहे. वैदिक यज्ञकर्मात पशूच्या पोटातील चरबीयुक्त जाळीला वपा म्हणत आणि तिची आहुती देत. त्या शब्दाला आजच्या शरीररचनाशास्त्रात जवळजवळ तोच अर्थ आहे. इंद्रिये जागेवर धरणाऱ्या इतर लहानमोठ्या घड्यांना बंध म्हणतात. मात्र सांध्यांतील अस्थिबंधांसारखे ते मजबूत नसतात, हे येथे नमूद करावयास हवे.

निरोगी माणसाच्या या पिशवीत मोकळी जागा जवळजवळ नसतेच. सर्व पृष्ठभाग एकमेकांना टेकलेले असून त्यांच्यामध्ये साधारणपणे 50 मिलिलिटरपेक्षाही कमी द्रव असतो. पृष्ठभाग एकमेकांवरून सहज सरकावेत एवढेच त्याचे काम. ‘पोकळी’ हा शब्द त्यामुळे थोडा फसवा आहे. रोगामुळे किंवा इजेमुळे द्रव आला म्हणजेच पोकळी खऱ्या अर्थाने पोकळी होते, आणि तेव्हाच पडद्याची वळणे शेतातल्या बांधांसारखी काम करू लागतात. काही बांध पाणी अडवतात, काही त्याला पाटासारखी वाट करून देतात. पुरुषांत ही पिशवी सर्व बाजूंनी बंद असते. स्त्रियांत बीजवाहिन्यांची टोके तिच्यात उघडतात, म्हणून गर्भाशयाच्या मार्गाने ती बाहेरच्या जगाशी जोडलेली असते.

आडवा बांध आणि तिरपा बांध

मोठ्या आतड्याचा आडवा भाग पोटाच्या मागील भिंतीला ज्या घडीने टांगलेला असतो, त्या घडीने उदराचे वरचे आणि खालचे असे दोन मजले पडतात. वरच्या मजल्यावर यकृत, जठर आणि प्लीहा. खालच्या मजल्यावर लहान आतड्याची वेटोळी.

खालच्या मजल्यात लहान आतड्याच्या आंत्रबंधाचे मूळ तिरपे उतरते. ते कमरेच्या दुसऱ्या मणक्याच्या डाव्या बाजूला सुरू होऊन उजव्या कुशीत, लहान व मोठे आतडे जेथे मिळतात तेथे, संपते. या मुळाची लांबी सुमारे 15 सेंटिमीटर असते आणि त्यावर सुमारे 6 मीटर आतडे टांगलेले असते. साडीच्या निऱ्या एका मुठीत धराव्यात तसा हा प्रकार आहे. या तिरप्या बांधाच्या उजवीकडील जागा खाली निमुळती होत आतड्यांच्या संगमापाशी जवळजवळ बंद होते. डावीकडील जागा मात्र खाली श्रोणीत उघडते. म्हणून डावीकडे सांडलेला द्रव सहज श्रोणीत उतरतो, तर उजवीकडचा आधी संगमापाशी थबकतो.

मोठ्या आतड्याच्या चढत्या आणि उतरत्या भागांच्या बाहेरच्या अंगाला, पोटाच्या भिंतीलगत, उभ्या पन्हळी आहेत. या विषयातील सर्वांत उपयुक्त गोष्ट कोणती असे विचारल्यास या दोन पन्हळींतील फरक असे उत्तर द्यावे लागेल. उजवी पन्हळ रुंद असते आणि खाली श्रोणीपासून वर यकृताच्या खालच्या खळग्यापर्यंत व तेथून मध्यपटलाखालपर्यंत विनाअडथळा जाते. डावी पन्हळ अरुंद असते आणि प्लीहेजवळ मोठ्या आतड्याच्या वळणापासून मध्यपटलाकडे जाणाऱ्या एका आडव्या बंधामुळे वरच्या टोकाला अडलेली असते. प्लीहा या बंधावर फळीवर ठेवल्यासारखी टेकलेली असते. श्रोणीतील पू मध्यपटलाखाली चढून साचतो तेव्हा तो डावीपेक्षा उजव्या बाजूला अधिक वेळा का सापडतो, याचे कारण या बंधात आहे.

उजवीकडे चढलेला द्रव मध्यरेषा ओलांडून डाव्या मध्यपटलाखाली जाऊ शकत नाही, कारण यकृताला पुढच्या भिंतीशी जोडणारा विळ्याच्या आकाराचा बंध मध्ये उभा असतो. यकृताच्या मागच्या अंगालाही पर्युदराचे एक आडवे वळण आहे. त्यामुळे यकृताखालून यकृतावर जाताना द्रवाला यकृताच्या उजव्या कडेला वळसा घालूनच जावे लागते.

द्रव वर का चढतो

पाणी उताराकडे वाहते, हे पोटालाही लागू आहे. उभ्या माणसात सर्वांत सखल जागा श्रोणीत असते. स्त्रियांत ती गर्भाशय आणि मलाशय यांच्या मधल्या खोलगट जागेत, तर पुरुषांत मूत्राशय आणि मलाशय यांच्या मध्ये असते. स्त्रियांमधील या जागेला 1730 मध्ये पर्युदराचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध करणाऱ्या स्कॉटिश शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स डग्लस यांचे नाव आहे. माणूस पाठीवर निजला की कमरेच्या मणक्यांचा पुढे आलेला बाक मध्ये उंचवट्यासारखा राहतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन सखल जागा तयार होतात. खालची जागा श्रोणीतली. वरची जागा यकृत आणि उजवे मूत्रपिंड यांच्या मधली. तिला ब्रिटिश शल्यचिकित्सक रदरफर्ड मॉरिसन यांच्या नावाने मॉरिसनचा खळगा म्हणतात. अपघातग्रस्ताच्या पोटात रक्तस्राव झाला आहे का हे पाहताना तातडीच्या सोनोग्राफीत यकृत व मूत्रपिंड यांच्या मध्ये काळी पट्टी दिसते का, हे आवर्जून पाहतात, ते याचसाठी.

परंतु केवळ उताराने सर्व गोष्टींचा उलगडा होत नाही. बसलेल्या किंवा उभ्या माणसातही द्रव श्रोणीतून वर, मध्यपटलाकडे जातो. यामागे श्वसन आहे. मध्यपटल हलते तसा त्याच्या खालच्या जागेतील दाब कमीजास्त होतो, आणि उदराच्या वरच्या भागातील दाब एकंदरीत खालच्या भागापेक्षा कमी असतो. शिवाय मध्यपटलाच्या खालच्या पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रे असून त्यांतून द्रव लसीकावाहिन्यांत शोषला जातो. त्यामुळे द्रवाचा एक मंद पण अखंड ओघ वरच्या दिशेने चालू राहतो. अमेरिकी क्ष-किरणतज्ज्ञ मॉर्टन मायर्स यांनी 1970 च्या दशकात क्ष-किरणांत दिसणारा द्रव उदरात सोडून हे मार्ग प्रत्यक्ष चित्रांतून दाखवले. श्रोणीतून निघालेला द्रव प्रामुख्याने उजव्या पन्हळीने वर चढतो, हे त्यात स्पष्ट झाले.

हा वरचा ओघ नुकसानकारकही ठरतो, कारण जंतूही त्याच वाटेने जातात. म्हणून न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक जॉर्ज रायर्सन फाउलर यांनी 1900 मध्ये पर्युदरशोथाच्या रुग्णाचे डोके व धड उंच ठेवण्याची पद्धत मांडली. पू मध्यपटलाखाली साचण्याऐवजी श्रोणीत उतरावा, हा तिचा हेतू होता. श्रोणीतील पू मलाशयातून बोटाने जाणवतो व त्याच वाटेने काढताही येतो. मध्यपटलाखालचा पू मात्र दीर्घकाळ लपून राहतो. रुग्णालयातील पाठीशी उंच होणाऱ्या खाटेच्या त्या स्थितीला अजूनही फाउलर यांचे नाव आहे.

श्रोणीतून वर जाणाऱ्या याच वाटेमुळे बीजवाहिन्यांचा संसर्ग झालेल्या स्त्रीला कधी कधी ओटीपोटाऐवजी उजव्या बरगड्यांखाली दुखते. यकृताच्या आवरणाला सूज येऊन यकृत आणि पोटाची भिंत यांच्या मध्ये तारांसारखे बारीक धागे तयार होतात. तपासणारा पित्ताशय शोधत बसतो आणि मूळ दुखणे मात्र हातभर खाली असते.

एक उदाहरण : ग्रहणीला पडलेले छिद्र

ग्रहणी म्हणजे जठराच्या लगेच पुढे येणारा लहान आतड्याचा पहिला भाग. तिच्या पुढच्या भिंतीवरील व्रण आरपार फुटला तर काय घडते, हे एका कल्पित रुग्णावरून पाहू. सांधेदुखीसाठी बरेच महिने रोज वेदनाशामक गोळ्या घेणारा एक चाळिशीतला गृहस्थ. रात्री दहा वाजता त्याला वरच्या पोटात, बेंबीच्या वर, सुरी खुपसल्यासारखी अचानक कळ येते. कळ सुरू झाल्याची नेमकी वेळ त्याला सांगता येते, आणि ही बाब निदानात महत्त्वाची आहे. जठरातील आम्ल उघड्या पर्युदरावर पडल्यावर तो पडदा भाजल्यासारखा होतो. पोटाचे स्नायू आपोआप आवळले जातात आणि पोट लाकडी फळीसारखे ताठ होते. रुग्ण हालचाल न करता निपचित पडून राहतो.

छिद्र यकृताच्या खालच्या अंगाला आहे, म्हणून द्रव प्रथम यकृताखाली आणि तेथून मॉरिसनच्या खळग्यात जातो. थोडा द्रव यकृताच्या उजव्या कडेने वळून मध्यपटलाखाली पोचतो. मध्यपटलाची चेतना मानेतील तिसऱ्या ते पाचव्या चेतातंतूंकडून येते आणि खांद्याच्या त्वचेचीही त्याच मुळांकडून. त्यामुळे रुग्णाचा उजवा खांदा दुखू लागतो, जरी खांद्याला काहीच झालेले नसते. द्रवाबरोबर बाहेर पडलेली हवा हलकी असल्यामुळे सर्वांत वर जाते. रुग्णाला बसवून छातीची क्ष-किरण प्रतिमा घेतली तर उजव्या मध्यपटलाखाली काळी चंद्रकोर दिसते. ती न दिसल्यास छिद्र नाही असे मात्र म्हणता येत नाही, कारण काही रुग्णांत हवा फार थोडी असते.

मॉरिसनचा खळगा भरला की जास्तीचा द्रव उजव्या पन्हळीत ओसंडतो आणि उजव्या कुशीत उतरतो. सुमारे सहा तासांनंतर पर्युदर स्वतःच द्रव सोडू लागते व आम्लाची तीव्रता सौम्य होते. वरच्या पोटातली कळ ओसरते आणि रुग्णाला बरे वाटू लागते. हा दिलासा फसवा असतो. आता दुखते ते खाली उजवीकडे, नेमके आंत्रपुच्छाच्या जागी. सकाळी पहिल्यांदाच तपासणाऱ्या डॉक्टरला तेथे दाबल्यावर दुखणारे, थोडा ताप असलेले पोट सापडते आणि आंत्रपुच्छशोथाचे निदान तोंडावर येते. शस्त्रक्रियेत आंत्रपुच्छाभोवती द्रव दिसतो, पण आंत्रपुच्छाच्या वरवरच्या लालीने त्याचे स्पष्टीकरण होत नाही. द्रवात पित्ताची पिवळट-हिरवी झाक दिसली, की वर पाहिलेच पाहिजे, असे शल्यचिकित्सकांना शिकवतात. रात्रीच्या कळेची सुरुवात कोठे झाली हे विचारले असते तर ही फसगत बहुधा टळली असती. बारा ते चोवीस तासांनंतर जंतूंची वाढ होऊन खरा पर्युदरशोथ सुरू होतो आणि मृत्यूचा धोका झपाट्याने वाढतो.

मूकपटांतील प्रसिद्ध नट रुडॉल्फ व्हॅलेंटिनो 15 ऑगस्ट 1926 रोजी न्यूयॉर्कमध्ये कोसळला. दुखणे आंत्रपुच्छाचे वाटले, प्रत्यक्षात व्रण फुटलेला होता. शस्त्रक्रिया होऊनही 23 ऑगस्टला, वयाच्या 31 व्या वर्षी तो वारला. फुटलेल्या व्रणाचा द्रव उजव्या पन्हळीतून उतरून आंत्रपुच्छशोथाचा आभास निर्माण करतो, त्या प्रकाराला आजही त्याच्या नावाने ओळखतात.

लघुकोश

आतापर्यंत जे वर्णन केले ते सर्व बृहत्कोशातले. जठराच्या मागे पर्युदराचा आणखी एक कप्पा आहे, तोच लघुकोश. गर्भावस्थेत जठर मध्यरेषेत उभे असते आणि पुढून व मागून दोन घड्यांनी धरलेले असते. पुढे ते स्वतःभोवती उजवीकडे पाव वळसा घेते. त्याची डावी बाजू पुढे येते, उजवी मागे जाते, आणि उजवीकडची जागा जठराच्या मागे कोंडली जाते. मागची घडी डावीकडे फुगत जाऊन पोटात एप्रनसारखी खाली लोंबते; ती मोठी वपा. पुढच्या घडीचा यकृत ते जठर हा भाग म्हणजे लहान वपा. ‘कोश’ म्हणताना सुटी पिशवी डोळ्यांसमोर येते, पण ही खरे तर मोठ्या खोलीच्या मागची, एकाच दाराची अडगळीची खोली आहे.

तिच्या पुढच्या भिंतीत लहान वपा, जठराची मागची बाजू आणि जठरापासून आडव्या आतड्याकडे जाणारी मोठ्या वपेची घडी येते. मागच्या भिंतीत मुख्यतः अग्निपिंड असते. त्याच्या वर डाव्या मूत्रपिंडाचे टोक आणि मध्यपटल. डावीकडे ती प्लीहेपर्यंत पोचते. अग्निपिंड आणि लघुकोश यांच्या मध्ये पर्युदराचा एकच पातळ पदर असतो, हे ध्यानात ठेवावे.

दार उजव्या बाजूला आहे. पॅरिसमध्ये काम केलेल्या डेन्मार्कच्या जेकब विन्स्लो यांच्या नावावरून त्याला विन्स्लोचे द्वार म्हणतात. त्यात जेमतेम एक-दोन बोटे जातात. द्वाराच्या पुढच्या काठात पित्तनलिका, यकृताकडे जाणारी रोहिणी आणि त्यांच्या मागे प्रवेशिका नीला असते. मागच्या काठात अधोमहानीला, वर यकृताचा एक भाग, खाली ग्रहणी. थोडक्यात, चौकटीची एकही बाजू कापता येण्यासारखी नाही. कधी काळी लहान आतड्याचा वेढा या दारातून आत जाऊन अडकतो. इतर हर्नियांत गळा कापून रुंद करतात, तसे येथे करणे म्हणजे जिवावरच बेतणे. तेव्हा आतड्यातील वायू व द्रव काढून ते बारीक करून हलकेच मागे ओढावे लागते. याच रचनेचा एक फायदाही आहे. यकृत फाटून रक्त वाहत असेल तर द्वारात एक बोट घालून अंगठ्याने पुढचा काठ दाबला की यकृताकडे येणारा रक्तप्रवाह थांबतो. ही युक्ती ग्लासगोच्या जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी 1908 मध्ये प्रसिद्ध केली.

लघुकोशात द्रव सापडला की प्रश्न असा की तो तेथेच जन्मला की दारातून आला. यकृत कठीण होऊन झालेल्या जलोदरात बृहत्कोशात काही लिटर द्रव असला तरी लघुकोशात त्या मानाने थोडाच आढळतो, कारण दार अरुंद असते. उलट सीटी स्कॅनमध्ये लघुकोशच भरलेला असून जठर पुढे ढकलले गेले असेल आणि इतरत्र द्रव नाममात्र असेल, तर संशय शेजाऱ्यांवर जातो. पहिला संशयित अग्निपिंड. त्याच्या शोथात पाचक रस पातळ पदरातून पुढे झिरपतो आणि लघुकोशात साचतो. दार सुजेने चिकटून बंद झाले तर त्या द्रवाभोवती सुमारे चार आठवड्यांत जाड आवरण तयार होते आणि वरच्या पोटात गाठ लागते. तिला खरी स्वतःची अस्तरत्वचा नसते, म्हणून तिला आभासी पुटी म्हणतात. दुसरा संशयित जठराच्या मागच्या भिंतीवरील व्रण. तो लघुकोशात फुटला तर फळीसारखे पोट होत नाही, मध्यपटलाखाली चंद्रकोर दिसतेच असे नाही, आणि पाठीत जाणारी अस्पष्ट दुखी व ताप एवढ्यावरच काही दिवस जातात. पुढच्या भिंतीचे छिद्र आरडाओरडा करते, मागचे कुजबुजते.

मागच्या भिंतीची इजा किती घातक ठरते हे अमेरिकेचे अध्यक्ष विल्यम मॅकिन्ली यांच्या मृत्यूतून दिसते. 6 सप्टेंबर 1901 रोजी बफेलो येथील प्रदर्शनात त्यांच्यावर गोळी झाडली गेली. ती जठराच्या पुढच्या भिंतीतून शिरून मागच्या भिंतीतून, म्हणजे लघुकोशाच्या बाजूने, बाहेर पडली. डॉ. मॅथ्यू मॅन यांनी त्याच संध्याकाळी दोन्ही छिद्रे शिवली. गोळी सापडली नाही आणि जखमेत निचऱ्याची नळी ठेवली गेली नाही. काही दिवस प्रकृती सुधारल्यासारखी वाटली. 14 सप्टेंबरला ते वारले. शवचिकित्सेत सर्व पोटभर पसरलेला पर्युदरशोथ आढळला नाही. गोळीच्या मार्गालगतचे जठर आणि अग्निपिंडाचा भाग मात्र सडलेला होता. ज्या जागेने पुढचे उदर स्वच्छ राखले, त्याच जागेने मागची सड झाकून ठेवली, असा त्याचा अर्थ लावता येतो. भोसकल्याच्या किंवा गोळीच्या जखमेत जठराच्या पुढच्या भिंतीला छिद्र दिसले, तर मोठ्या वपेची जठर व आडवे आतडे यांमधील घडी उघडून मागची भिंत पाहिल्याशिवाय पोट शिवू नये, हा आजचा शस्त्रक्रियेतील नियम आहे.

मार्गांच्या मर्यादा

वर दिलेले मार्ग पातळ आणि मुबलक द्रवाला लागू पडतात. दाट पू जागीच राहतो, आणि मोठी वपा सुजलेल्या जागेला जाऊन चिकटते व तिला कुंपण घालते. अशा वेळी आंत्रपुच्छ फुटले तरी पू उजव्या कुशीतच गोळा होतो. लहान मुलांत वपा आखूड आणि पातळ असल्याने हे कुंपण नीट पडत नाही आणि त्यांच्यात पर्युदरशोथ लवकर सर्वत्र पसरतो. पूर्वी झालेल्या शस्त्रक्रियेमुळे पदर एकमेकांना चिकटले असतील तर पन्हळी बुजतात आणि पुस्तकातला नकाशा त्या रुग्णाला लागू होत नाही. तसेच मूत्रपिंडे, अग्निपिंड आणि मोठ्या रक्तवाहिन्या मुळात पर्युदराच्या मागे आहेत. त्यांच्यातून सुटलेले रक्त किंवा रस पडदा न फाडता मागच्या मागे पसरला तर तो कुशीत किंवा बेंबीभोवती निळसर डागाच्या रूपाने दिसतो, आणि मॉरिसनचा खळगा सोनोग्राफीत कोरडाच राहतो.